सीओडी म्हणजे जाकड नव्हे, हे मामाजींना कोण सांगणार

आमचं कापडाचं दुकान पवनीच्या बाजारओळीत आहे. करवती काठाची कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, लुगडी, सुती पातळं, लग्नाचे शालू, असा सगळा माल. माझे सासरे, म्हणजे मामाजी, गादीवर बसतात आणि आलेल्या बाईची चप्पल पाहून तिला कितीपर्यंतचं लुगडं दाखवायचं ते ठरवतात. चुकत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी माझीही चप्पल त्यांनी पाहिली होती, असा मला अजून संशय आहे.

पण चपला दिसायला आधी गिऱ्हाईक पायरी चढलं पाहिजे ना. गेल्या काही वर्षांत ते चढेनासं झालं. जी ती मोबाईलवर लुगडी बघते. आमच्या शेजारच्या ओळीतल्या मास्तरीणबाईंनी सुरतेचं लुगडं ऑनलाइन मागवलं आणि ते नेसून आमच्याच दुकानात परकर घ्यायला आल्या. मामाजींनी परकर दाखवला, भाव कमी केला नाही, आणि त्या गेल्यावर दुपारभर परकरांचा गठ्ठा बांधत-सोडत बसले.

माझा नवरा ज्युनियर कॉलेजात अकाउंट्स शिकवतो. त्याचं डोकं थंड, त्यामुळे माझं जास्तच तापतं. एक दिवस तो मला म्हणाला, "मोबाईलवाला आला होता. दुकान भाड्यानं मागून राहिला. भाडं चांगलं देते. बाबाचं आता वयबी झालं."

"मामाजीले सांगतलं?" मी विचारलं.

"नाही. आधी पक्कं होऊ दे. मंग सांगू."

मला राग आला. त्या दुकानात मी वीस वर्षं उभी राहिले आहे. लुगड्याच्या घड्या माझ्या हाताला डोळे मिटून घालता येतात. आणि माझ्या जागी कोण येणार, तर काचेच्या कपाटात ठेवलेली मोबाईलची कव्हरं! मी म्हटलं, "मले मंडईपर्यंत वेळ दे. मी ऑनलाइन विकून दाखवतो. नाही जमलं, तर दे त्याले चावी." आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, रात्रीची नाटकं होतात, माणसं नवे कपडे घालून पाव्हणे म्हणून हिंडतात. कापडाचा धंदा तोवर होतो तो होतो. नवरा कबूल झाला. मामाजींना मोबाईलवाल्याबद्दल काही कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं.

ऑनलाइन माल विकणाऱ्या एका कंपनीकडे आपलं दुकान काढायचं म्हटल्यावर मामाजींनी आधी माझा मोबाईल उलटासुलटा करून पाहिला. मग त्यांनी अट घातली. "ज्या अक्षराचा अर्थ मले समजत नाही, ते माह्या दुकानाच्या नावाखाली लागाचं नाही." म्हणून धानाच्या रोवणीच्या दिवसांत, गिऱ्हाईक शेतात आणि दुकान रिकामं असताना, आमची शाळा भरली. मी मास्तरीण, मामाजी विद्यार्थी. असा विद्यार्थी कोणाच्या वाट्याला येऊ नये.

जीएसटीपाशी काही अडलं नाही. "त्याले कोन नाही ओळखत," ते म्हणाले. नंबर त्यांच्याकडे होता, दुकानाच्या पाटीवर रंगवलेलासुद्धा होता. फक्त एवढं सांगावं लागलं की पानावर दिसतो तो भाव जीएसटी धरूनच असतो, दारात वेगळा मागत नाहीत, आणि बिलावर तो फोडून दाखवतात. माल महाराष्ट्रातच गेला तर अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा, असे दोन तुकडे. बालाघाटला, म्हणजे मध्य प्रदेशात, गेला तर आयजीएसटी म्हणून एकच आकडा. "म्हणजे बावनथडी नदी ओलांडली की दोनाचं एक होते," असं म्हणून त्यांनी तो विषय बंद केला.

ईएमआयवर मात्र भांडण झालं. लुगड्याच्या किमतीखाली बारीक अक्षरात महिन्याचा हप्ता लिहिलेला पाहून त्यांनी मोबाईल गादीवर आपटला. "लुगडं अन् हप्त्यावर? लुगडं फाटून पोतेरं होईन तरी हप्ता चालू राहीन. अन् वसुलीले कोन जाईन? मी?"

मी म्हटलं, "आपल्याले नाही जावं लागत मामाजी. हप्त्याचा हिशोब गिऱ्हाईकाचा अन् बँकेचा. आपल्याले किंमत एकदमच मिळते."

"एकदम?"

"एकदम."

"अन् त्यानं हप्ता बुडवला तं?"

"बँक पाहून घेईन."

ते बराच वेळ छताकडे बघत बसले. चाळीस वर्षांत उधारीपायी त्यांनी जितक्या सायकली झिजवल्या असतील, त्या सगळ्या त्यांना तिथे दिसत असाव्यात. त्या दिवसापासून ईएमआय त्यांचा फार लाडका झाला. बिनव्याजी हप्त्यातही बँक काही ना काही फी आणि व्याजावरचा जीएसटी लावतेच, हे मी सांगितलं, तर म्हणाले, "ते तं राह्यलंच. बँक काही आपली मावशी नाही."

एसकेयू म्हणजे काय, हे त्यांना फार चटकन कळलं, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. विकणाऱ्यानं आपल्या प्रत्येक मालाला आपल्या सोयीसाठी दिलेली खूण, असं मी सांगितल्याबरोबर ते खूश झाले. कारण आमच्याकडे अशी खूण पिढ्यान्‌पिढ्या आहे. लुगड्याच्या चिठ्ठीवर काही अक्षरं लिहिलेली असतात. त्यावरून आपल्याला ते केवढ्याला पडलं ते घरच्यालाच वाचता येतं, गिऱ्हाईकाला येत नाही. मामाजी म्हणाले, तीच अक्षरं टाक. मी म्हटलं, ही खूण पाकिटावरच्या लेबलावर छापली जाते. गिऱ्हाईकात एखादा कापडवालाच निघाला तर? ते दचकले. मग म्हणाले, करवतीला एकच खूण दे, रंग आपण पाहून पाठवू. मी म्हटलं, नाही, हिरव्याला वेगळी, मरूनला वेगळी, पिवळ्याला वेगळी, कारण किती उरले हे मशीन खुणेवरून मोजतं. हिरवं संपलं आणि खूण एकच असली तर ते मरूनच्या भरवशावर हिरवं विकत बसेल. हे त्यांनी नाइलाजानं मानलं.

आणि मग सीओडी आलं. मी सांगितलं, म्हणजे माल दारात आला की तेव्हा पैसे द्यायचे, आधी नाही.

मामाजींचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "अवं, हे तं जाकड!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जाकड म्हणजे दुकानातून चार-सहा लुगडी पैसे न देता घरी न्यायची. घरच्या बायांना दाखवायची, अंगावर धरून पाहायची, शेजारणीचं मत घ्यायचं. एखादं ठेवायचं, बाकीची परत पाठवायची, आणि पैसे ठेवलेल्याचेच द्यायचे. आमच्या ओळखीच्या घरांशी आमचा असाच व्यवहार चालत आला. मामाजींचं तर म्हणणं असं की लुगडं दुकानात विकलंच जात नाही, ते घरात विकलं जातं, सासू आणि नणंद मान डोलावतात तेव्हा.

मी म्हटलं, "जाकड नाही मामाजी. जाकडात पाहून पैसे देते. यात पैसे दिल्याशिवाय डब्बा उघडू देत नाही. अन् नाही घेतला, तर तो उलटा आपल्याकडे येते. त्याले आरटीओ म्हणते, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन, जिथून गेला तिथंच वापस. जाण्यायेण्याचा खर्च आपल्या बोडख्यावर."

त्यांनी मान हलवली. ही मान मी ओळखायला हवी होती. घासाघीस करणाऱ्या बाईचं बोलणं ते अशीच मान हलवून ऐकतात, आणि करतात स्वतःचंच.

दुकान सुरू झालं. फोटो मी काढले, आमच्या गच्चीवर, उन्हात. तुमसरहून एक ऑर्डर आली, मग नागपूरहून, मग चक्क पुण्याहून. पुण्याची ऑर्डर आली त्या दिवशी मामाजींनी ओळीतल्या सगळ्यांना चहा पाजला. लुगड्यावर सुटलेल्या नफ्यात बहुतेक तेवढाच चहा बसत होता.

आणि मग एका आठवड्यात ऑर्डरींचा पाऊस पडायला लागला. पवनीहून, कोंढ्याहून, आसपासच्या खेड्यांहून. सगळ्या सीओडी. एकेका घरून तीन-तीन, चार-चार. एक तर आमच्या मागच्या गल्लीतून! मी इतकी फुगले की नवऱ्याला जेवताना पान वाढायच्या आधी मोबाईल वाढला. तो पाहत राहिला आणि म्हणाला, "हे सगळे गावचेच काहून आहेत?" मी म्हटलं, तुले जळून राहिलं.

खोकी भरायला मामाजी स्वतः बसायचे. मागच्या गल्लीतल्या बाईचं लुगडं कुरिअरवाल्यानं नेलं, ते नागपूरच्या गोदामात गेलं, तिथे मुक्काम करून परत पवनीत आलं आणि आमच्याच दुकानावरून तिच्या घरी गेलं. मी दारात उभी राहून पाहिलं. हातानं नेऊन दिलं असतं तर तेवढ्या वेळात दुधाला उकळी फुटली नसती.

आणि संध्याकाळी ते खोकं परत निघालं. त्यानंतर दुसरं, मग तिसरं. आठवडा उलटला आणि आमच्या काउंटरवर आमचाच माल येऊन पडायला लागला. कुरिअरवाला म्हणजे मिशाळ, बोलायला कडू आणि गाडी उभी करून पाणी मागणारा माणूस. तो पाणी पिऊन म्हणाला, "बाई, तुमचे गिऱ्हाईक आहेत का तमाशा आहे? पैशाच्या आधी डब्बा खोल म्हणतात. नाही म्हटलं, तं घेत नाहीत. एक बाई म्हणे बस जरा, माही जाऊ शेतातून येते, तिले दाखवतो. मी तिथं बसू का पोहे खात?"

"असं कोनं सांगतलं त्यायले?"

"तुमच्याच दुकानदारानं. सगळ्या हेच सांगतात."

मी वळून गादीकडे पाहिलं. मामाजी अगदी मन लावून कापड मोजायची गजपट्टी पुसत होते.

मग सगळं बाहेर आलं. बाजारात, घाटावर, देवळात, कोंढ्याच्या एका बारशात, जिथे बाई भेटेल तिथे मामाजींनी प्रचार केला होता. "मोबाईलवरून तीन-चार बलावा. घरी पाहा. पसंत पडन ते ठेवा, बाकी वापस. पहिलेसारखंच जाकड आहे, कंपनीनं फक्त नाव बदलवलं." त्यांच्या शब्दावर चाळीस वर्षं माल घेतलेल्या त्या बाया. कंपनीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मामाजींवर होता, म्हणूनच हा घोळ झाला.

मी त्यांच्यावर ओरडले. सासऱ्यावर ओरडण्याची माझी ती पहिली वेळ. "मी सांगतलं होतं ना, जाकड नाही म्हणून! मान काहून हलवली मंग?"

"मले वाटलं, तू नवी आहे, तुले जाकड ठाऊक नसन."

वीस वर्षं झाली, आणि मी नवी! मी आत जाऊन भांडी आपटली. कोणती आपटली ते आठवत नाही, पण एका डब्याचं झाकण तेव्हापासून बसत नाही.

दुसऱ्याच दिवशी कंपनीची सूचना आली. तुमचा माल न स्वीकारता परत येण्याचं प्रमाण फार वाढलं आहे. महिनाअखेरपर्यंत ते उतरलं नाही, तर तुमच्या मालावरची सीओडीची सोय बंद करण्यात येईल. मी ती दोनदा वाचली. आमच्या भागात, आणि आमच्यासारख्या नवख्या दुकानातून, आगाऊ पैसे भरून लुगडं कोण मागवणार? सीओडी गेलं की दुकान गेलं. नवऱ्यानं सूचना वाचली. आणि लगेच त्या मोबाईलवाल्याला फोन केला. दुपारी मामाजी जेवून आडवे झाले असताना तो माणूस टेप घेऊन आला आणि गादीमागची भिंत मोजून गेला. टेपचं एक टोक माझ्या नवऱ्यानं धरलं होतं. मला ते पाहवलं नाही, मी लुगड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसले.

पण अजून बरीच खोकी वाटेवर होती. नागपूरहून निघालेली, उद्या-परवा दारोदार जाणारी. ती सगळी उलटी फिरली असती, तर संपलंच होतं. त्या बायांना फोन करायला मी मोबाईल हातात घेतला, तर फोन नंबर कंपनी आम्हाला दाखवतच नाही. पाकिटावर नाव आणि पत्ता, एवढंच.

मामाजी उठले, चहा प्यायले आणि म्हणाले, "त्या मिशीवाल्याले विचार, उद्या कोनत्या गावाले चालला."

"कायले?"

"मी जातो त्याच्या मांगं."

"मामाजी, तुमी त्याच्यासमोर डब्बा उघडायले लावाल, अन् त्याची नोकरी जाईन."

"उघडाचा नाही. आता समजलं मले." ते बंडी घालत म्हणाले. "कंपनीचं जाकड नाही. ठीक आहे. माहं तं आहे?"

त्यांचं म्हणणं असं होतं. बाईनं पैसे द्यावे, खोकं घ्यावं, मगच उघडावं, कंपनीच्या नियमानं. पसंत नाही पडलं, तर कंपनीकडे पाठवू नये, थेट पवनीला दुकानात आणावं. मामाजी दुसरं देतील किंवा पैसे परत करतील. कंपनीच्या लेखी माल पोहोचला, बाईच्या लेखी जाकड राहिलं. नवऱ्यानं अकाउंट्सच्या दृष्टीनं त्यात खोट काढायला तोंड उघडलं, आणि मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते जांभईत बदललं.

दुसऱ्या दिवशी पवनीनं वरात पाहिली. पुढे आपल्या गाडीवर कुरिअरवाला, पाठीवर खोक्यांचं ओझं. मागे माझ्या नवऱ्याच्या स्कूटरवर मामाजी, धोतर सावरत. स्कूटर चालवायला मी. कोंढ्याला पहिल्याच दारात एक म्हातारी खोक्याकडे आणि कुरिअरवाल्याकडे संशयानं बघत उभी होती. मामाजी स्कूटरवरूनच ओरडले, "घे वो बाई! पैसे दे अन् घे! माही जबान आहे!"

"अन् रंग नाही आवडला तं?"

"तं माह्या गादीवर आणून टाक. मी काही पळून नाही चाललो."

म्हातारीनं कमरेची पिशवी सोडली. कुरिअरवाल्यानं मोबाईलवर काहीतरी दाबलं, आणि आमचं पहिलं खोकं खऱ्या अर्थानं पोहोचलं. दुसऱ्या दारातल्या बाईनं मामाजींना पाहून डोक्यावरचा पदर नीट केला आणि चार खोकी एकदम घेतली. एके ठिकाणी आम्हाला बसवून भजी खाऊ घातली. कुरिअरवाल्यानंही खाल्ली, आणि मग मला हळूच म्हणाला, "बुढा रोज येईन का?"

मामाजी रोजच गेले. माझी कंबर मोडली, पण दारातून खोकी परत येणं थांबलं.

मात्र दुकानात लुगडी परत यायला लागली आणि तिथे नवाच गोंधळ. कोणी हिरवं आणून मरून नेई, कोणी मरून आणून पिवळं. मामाजी खुशाल बदलून देत, आणि इकडे माझ्या मोबाईलवर विकायला लावलेलं पिवळं केव्हाच कोणाच्या तरी नणंदेच्या अंगावर गेलेलं. एका नागपूरच्या ऑर्डरीवर मला माफी मागायची पाळी आली. मग मी मामाजींना एसकेयू पाठ करायला लावले. ते मनापासून शिकले. भर गिऱ्हाइकीत गादीवरून हाक येई, "सूनबाई, करवती सात गेलं, करवती तीन वापस आलं!" बायांना वाटे, म्हातारा जुगाराचे आकडे लावतो.

आणि एक गोष्ट झाली जी मला सुचली नव्हती. लुगडं बदलायला बाई एकटी येत नाही. सोबत जाऊ येते, शेजारीण येते, लेक येते. बसतात, पाणी पितात, दुसरं काढायला लावतात. पुष्कळ दिवसांनी आमच्या गादीवर लुगड्यांचा ढीग पडला आणि दारात चपलांचा. मामाजी त्या चपलांकडे असे बघत होते जसा शेतकरी धानानं भरलेल्या बांधीकडे बघतो.

महिना संपला. कंपनीचा निरोप आला तेव्हा दुपार होती, दुकानात मी आणि मामाजी दोघंच. मी तो वाचून दाखवला. परत येण्याचं प्रमाण उतरलं आहे, सीओडी चालू राहील.

"म्हणजे दुकान राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"राह्यलं मामाजी."

मला रडू येत होतं, म्हणून मी एक घडी घातलेलं लुगडं उगाच उलगडलं. मामाजींनी त्याचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी ते ताणून पुन्हा घडी घालायला घेतलं. मग काठ काठाला जुळवत ते म्हणाले, "मंग त्या मोबाईलवाल्याले फोन करून सांगून दे. आशेवर नको ठेवू बिचाऱ्याले. तो पहिल्यांदा दुकान मागाले आला, तवाच मी आयकलं होतं. आपलं ऑनलाइन चालू झालं तवापासून जे बाई दिसली तिले मी लुगडं बलवायले सांगून राहिलो होतो. मले वाटलं, लय ऑर्डरी आल्या तं तुमी दोघं दुकान ठेवसान."

माझ्या हातातलं टोक सुटलं. त्यांनी ते उचलून पुन्हा माझ्या हातात दिलं, आणि आम्ही घडी पुरी केली. मग मी त्यांच्यासमोरच फोन लावला.